बंडल कंडक्टरचा ग्रेडियंट, कोरोना लॉस आणि रेडिओ नॉईज: गणित कोणत्या क्रमाने करायचं आणि ते कुठे फसतं

उच्चदाब वाहिनीच्या कोरोनाचं गणित बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. आधी लॉसचं सूत्र शोधलं जातं, त्यात बंडलची 'समतुल्य त्रिज्या' बसवली जाते, आणि उत्तर इतकं लहान येतं की कोरोना नाहीच असं वाटावं. मग लाईन चार्ज होते, पहिल्या पावसात रेडिओवर खरखर सुरू होते आणि कागद पुन्हा उघडावे लागतात. योग्य क्रम असा आहे: आधी कंडक्टरच्या पृष्ठभागावरचा ग्रेडियंट, मग तो कोरोना सुरू होण्याच्या मर्यादेशी ताडून पाहणे, मग रेडिओ नॉईज आणि सर्वांत शेवटी लॉस. ग्रेडियंट चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पूर्ण लेखात एकच उदाहरण चालवू. 400 केव्हीची सिंगल सर्किट लाईन, तिन्ही फेज एका आडव्या पातळीत, शेजारच्या दोन फेजमधलं अंतर 11 मीटर. उपकंडक्टरचा व्यास 3.18 सेंमी आणि बंडलमधलं अंतर 45 सेंमी.

## टप्पा 1: आकडे गोळा करताना

चार आकडे नीट ठरवल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका.

व्होल्टेज. ग्रेडियंट फेज ते जमीन या व्होल्टेजवर काढायचा, आणि तोही नाममात्र नव्हे तर प्रणालीच्या कमाल व्होल्टेजवर. 400 केव्ही प्रणालीचं कमाल व्होल्टेज 420 केव्ही, म्हणून 420 भागिले √3, म्हणजे 242.5 केव्ही. 400 धरलं तर ग्रेडियंट पाच टक्क्यांनी कमी दिसतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण नॉईजच्या टप्प्यावर तेवढ्यानेच तीन डेसिबलचा फरक पडतो.

त्रिज्या. इथे कंडक्टरची खरी बाहेरची त्रिज्या लागते: 1.59 सेंमी. इंडक्टन्स काढताना त्रिज्येला 0.7788 ने गुणायची सवय हाताला लागलेली असते. इथे ती सोडा. विद्युतभार पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे आतल्या फ्लक्सचा इथे संबंध नाही.

उंची. टॉवरवरची उंची नको आणि मधल्या झोळाच्या तळाची उंचीही नको. टॉवरवरच्या उंचीतून झोळाच्या दोन तृतीयांश वजा करा. आपल्या उदाहरणात 22 मीटरवर टांगलेली तार 12 मीटर झोळते, म्हणून सरासरी उंची 22 वजा 8, म्हणजे 14 मीटर.

बंडलची त्रिज्या. म्हणजे उपकंडक्टर ज्या वर्तुळावर बसतात त्याची त्रिज्या, R. दोनच्या बंडलमध्ये ती अंतराच्या निम्मी (22.5 सेंमी), तीनमध्ये अंतर भागिले √3 (26.0 सेंमी), चारमध्ये अंतर भागिले √2 (31.8 सेंमी).

> तपासणी: पुढे येणारे सगळे ग्रेडियंट आरएमएस किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटरमध्ये आहेत. हवेची सुप्रसिद्ध '30' ही संख्या शिखरमूल्य आहे, आरएमएसमध्ये ती 21.1 होते. एक बाजू शिखरात आणि दुसरी आरएमएसमध्ये घेतली तर 41 टक्क्यांची चूक गुपचूप आत शिरते.

## टप्पा 2: मधल्या फेजचा ग्रेडियंट

तिन्ही फेज आडव्या रेषेत असतील तर मधल्या फेजवर ग्रेडियंट सर्वांत जास्त असतो, कारण तिच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध भार असतो. तिन्ही फेजसाठी एकच भौमितिक सरासरी अंतर धरून काढलेला आकडा ही गोष्ट पुसून टाकतो. आपल्या उदाहरणात दोनच्या बंडलला तो 16.0 येतो, खरा 17.3 आहे. म्हणून मॅक्सवेलचे पोटेन्शियल गुणांक वापरून जमिनीसकट काढा. आडव्या मांडणीत मधल्या फेजसाठी ते एवढंच उरतं:

```
req  = (n * r * R^(n-1))^(1/n)
P11  = ln(2H / req)
P12  = ln(sqrt(4H^2 + S^2) / S)
P13  = ln(sqrt(4H^2 + 4S^2) / (2S))
k    = (P11 + P13 + P12) / (P11*(P11 + P13) - 2*P12^2)
Eavg = V * k / (n * r)
Emax = Eavg * (1 + (n-1)*r/R)
```

H म्हणजे सरासरी उंची, S म्हणजे फेजमधलं अंतर, n म्हणजे एका फेजमधल्या उपकंडक्टरांची संख्या आणि V म्हणजे 242.5. प्रत्येक लॉगच्या आत वरची आणि खालची लांबी एकाच एककात हवी. ln म्हणजे नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचा नव्हे.

आधी एकच कंडक्टर घेऊन पाहू. P11 = ln(2800/1.59) = 7.474, P12 = 1.006, P13 = 0.482. यावरून k = 0.156. ग्रेडियंट म्हणजे 242.5 × 0.156 भागिले 1.59, उत्तर 23.8.

आता दोनचं बंडल. req = √(1.59 × 45) = 8.46 सेंमी. P11 उतरून 5.802 होतो, बाकीचे दोन गुणांक तेच राहतात. k = 0.2117.

इथे क्षणभर थांबा, कारण बंडल नेमकं काय करतं ते या दोन k मध्येच दिसतं. k हा फेजवरच्या एकूण विद्युतभाराचा मापक आहे. बंडल केल्यावर तो 0.156 वरून 0.212 वर गेला, म्हणजे भार 36 टक्क्यांनी वाढला. बंडलमुळे कपॅसिटन्स वाढते, म्हणून असं होणारच. पण तो भार आता दोन तारांत वाटला गेला. प्रत्येकीच्या वाट्याला आधीच्या 68 टक्केच आला, आणि पृष्ठभागावरचा सरासरी ग्रेडियंट 23.8 वरून 16.1 वर उतरला. 'दोन तारा म्हणून ग्रेडियंट निम्मा' हा तर्क त्या वाढलेल्या 36 टक्क्यांना विसरतो.

शेवटची ओळ राहिली. दोन तारांवर एकाच जातीचा भार असतो, त्यामुळे समोरासमोरच्या बाजूंना क्षेत्र दुबळं होतं आणि बाहेरच्या बाजूंना तीव्र. 1 + 1.59/22.5 = 1.071 ने गुणलं की कमाल ग्रेडियंट 17.3 मिळतो. कोरोना सुरू होतो तो याच बाहेरच्या बाजूने, म्हणून पुढे सरासरी नव्हे तर हाच आकडा न्यायचा.

45 सेंमी अंतर आणि तोच कंडक्टर ठेवून उपकंडक्टर वाढवत गेलो तर मधल्या फेजवर असं चित्र दिसतं:

| एका फेजमधले कंडक्टर | सरासरी ग्रेडियंट | कमाल ग्रेडियंट |
|---|---|---|
| 1 | 23.8 | 23.8 |
| 2 | 16.1 | 17.3 |
| 3 | 12.2 | 13.7 |
| 4 | 10.1 | 11.6 |

> सावधान: Eavg काढताना req ला त्रिज्या समजून भाग देऊ नका. तसं केलं तर दोनच्या बंडलला उत्तर 6.1 येतं, आणि ते इतकं सुखद असतं की कोणी शंकाही घेत नाही. req ची जागा फक्त लॉगच्या आत आहे. छेदात नेहमी n × r, म्हणजे खऱ्या तारांचा खरा पृष्ठभाग.

> तपासणी: 420 केव्हीच्या दोनच्या बंडलला उत्तर 14 च्या खाली किंवा 20 च्या वर आलं तर आधी एककं आणि लॉगचा पाया तपासा.

## टप्पा 3: अंतर वाढवून काय मिळतं?

'बंडलमधलं अंतर वाढवा, ग्रेडियंट उतरेल' हा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. वरचीच सूत्रं अंतर बदलून चालवा. दोनच्या बंडलला 20 सेंमीवर 17.2, 30 वर 17.1, 45 वर 17.3 आणि 60 वर 17.5 मिळतात. वक्र जवळजवळ सपाट आहे, आणि 30 च्या पुढे तो उलट किंचित चढतो.

याचं कारण दुसऱ्या टप्प्यातच दडलेलं आहे. तारा जवळ आणल्या तर एकूण भार कमी होतो, पण बाहेरच्या बाजूला क्षेत्र जास्त एकवटतं. दूर नेल्या तर एकवटणं कमी होतं, पण कपॅसिटन्स वाढून भार वाढतो. दोन परिणाम एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. तेव्हा अंतराचा निर्णय कोरोनावर नव्हे, तर वाऱ्यात उपकंडक्टर एकमेकांवर आपटणं, स्पेसरची रचना आणि लाईनचा रिअॅक्टन्स यांवर घ्यावा. ग्रेडियंट खरोखर उतरवायचा असेल तर हाताशी तीनच गोष्टी आहेत: उपकंडक्टरची संख्या, त्यांचा व्यास आणि फेजमधलं अंतर. त्यातही शेवटची महाग पडते आणि फळ थोडं देते.

याला जोडून एक गोष्ट सांगायला हवी. जेवढा धातू दोन तारांत आहे तेवढाच एका जाड तारेत ओतला (व्यास साधारण 4.5 सेंमी), तर त्या एका तारेचा ग्रेडियंट 17.8 येतो. म्हणजे समान धातूत दोनच्या बंडलचा ग्रेडियंटमधला फायदा फक्त अर्ध्या किलोव्होल्टचा! तरी बंडल जिंकतं, कारण त्या जाड तारेचा नॉईज जास्त असतो (पाचव्या टप्प्यात ते आकड्यात दिसेल), ती ओढायला आणि हाताळायला अवघड असते, आणि बंडलमुळे रिअॅक्टन्सही उतरतो. तीन-चार उपकंडक्टरांवर गेलो की हा फायदा ठळक होतो.

## टप्पा 4: कोरोना सुरू होण्याची मर्यादा

ग्रेडियंट 17.3 हे चांगलं की वाईट, हे हवा आणि पृष्ठभाग ठरवतात. पीकचं दृश्य कोरोनाचं सूत्र इथे पुरतं:

```
delta = 2.94 * p / (273 + t)
Ev    = 21.1 * m * delta * (1 + 0.301 / sqrt(delta * r))
```

p म्हणजे हवेचा दाब किलोपास्कलमध्ये, t तापमान सेल्सियसमध्ये, r म्हणजे उपकंडक्टरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये. m हा पृष्ठभागाचा गुणांक: गुळगुळीत चकचकीत नळीला 1, पिळाच्या स्वच्छ तारेला 0.8 च्या आसपास, आणि पाण्याचे थेंब लटकलेल्या किंवा मळलेल्या तारेला 0.6 किंवा त्याहूनही कमी.

समुद्रसपाटीला 25 अंशांवर delta = 1. Ev = 26.1 × m. कोरड्या हवेत m = 0.8 धरून मर्यादा 20.9 येते. आपल्या दोनच्या बंडलचा 17.3 तिच्या बराच खाली आहे, म्हणून कोरड्या दिवशी तार शांत राहील. एकट्या कंडक्टरचा 23.8 मात्र मर्यादेच्या वर आहे. ती तार निरभ्र रात्रीही चरचरेल.

पावसात m = 0.6 धरला की मर्यादा 15.7 वर येते आणि बंडलही कोरोनात जातं. तारेच्या खालच्या बाजूला लटकलेला प्रत्येक थेंब टोकदार होतो आणि तिथेच स्त्राव सुरू होतो. यात गडबडून जायचं कारण नाही. दोनच्या बंडलची 400 केव्ही लाईन पावसात कोरोना करणारच. प्रश्न किती, एवढाच आहे.

आता तीच लाईन 1500 मीटर उंचीवर न्या. दाब साधारण 84.5 किलोपास्कल, तापमान 35 अंश. delta = 0.81, आणि m = 0.8 धरून मर्यादा 17.2. म्हणजे सपाटीवर निर्धोक वाटणारं बंडल इथे ऐन उन्हातही काठावर उभं आहे. लाईन घाट चढून जाणार असेल तर हा टप्पा सर्वांत उंच ठिकाणासाठी वेगळा करा. संपूर्ण लाईनची सरासरी उंची धरून केलेलं गणित इथे काहीच सांगत नाही.

> तपासणी: कोरड्या हवेत Emax हा Ev पेक्षा किमान दहा-पंधरा टक्के खाली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. दुसऱ्या टप्प्यावर परत या आणि n किंवा व्यास बदला.

## टप्पा 5: रेडिओ नॉईज

कोरोनाचे स्पंद तारेत अतिशय वेगाने चढणारे प्रवाह सोडतात. ते लाईनभर धावतात आणि मीडियम वेव्हच्या पट्ट्यात खरखर म्हणून ऐकू येतात. अंदाजासाठी सिग्रेचं अनुभवजन्य सूत्र वापरा:

```
RI = 3.5*g + 6*d - 33*log10(D/20) - 30
```

g म्हणजे त्या फेजचा कमाल ग्रेडियंट, d उपकंडक्टरचा व्यास सेंटिमीटरमध्ये, D त्या फेजपासून अँटेनापर्यंतचं सरळ तिरकं अंतर मीटरमध्ये. उत्तर 1 मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या वर किती डेसिबल या रूपात, 0.5 मेगाहर्ट्झवर, कोरड्या हवामानासाठी. हे सूत्र g साधारण 12 ते 20 आणि d 2 ते 5 सेंमी असतानाच वापरायचं. म्हणजे आपल्या तक्त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीला ते लागू नाही, आणि तरी लोक ते तिथे ओढून नेतात.

बाहेरच्या फेजपासून आडवं 16 मीटर दूर, 2 मीटर उंचीच्या अँटेनावर मोजू. तार अँटेनापेक्षा 12 मीटर वर आहे, म्हणून तिरकं अंतर नेमकं 20 मीटर होतं. बाहेरच्या फेजचा ग्रेडियंट मधल्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी, 16.2. तिचा वाटा: 56.7 + 19.1 − 30 = 45.8. मधल्या फेजचा g 17.3, पण अंतर 29.5 मीटर, म्हणून 44.0. पलीकडची फेज 36 वर आहे.

हे डेसिबल थेट मिळवायचे नसतात. सर्वांत मोठा आकडा बाकीच्यांपेक्षा 3 ने किंवा जास्त मोठा असेल तर तोच उत्तर. नसेल तर वरच्या दोघांची सरासरी घ्या आणि 1.5 मिळवा. इथे (45.8 + 44.0)/2 + 1.5, म्हणजे 46.4 डेसिबल. जोरदार पावसात यात आणखी 17 ते 20 डेसिबलची भर पडते.

तीनचं बंडल केलं तर त्याच जागी 34 येतात. ग्रेडियंटमध्ये साडेतीन किलोव्होल्टची घट, आणि नॉईजमध्ये बारा डेसिबलची. व्यासाची पदावली विसरू नका: त्याच ग्रेडियंटला व्यास 1 सेंमीने वाढला की नॉईज 6 डेसिबलने चढतो, कारण जाड तारेभोवती तीव्र क्षेत्राचा थर जाड असतो आणि स्पंद मोठे होतात. समान धातूची ती 4.5 सेंमीची एकटी तार ग्रेडियंटमध्ये बरोबरीची असूनही इथे मागे पडते ती याचमुळे: ग्रेडियंटमधून जवळपास 2 आणि व्यासातून 8, असे सुमारे 10 डेसिबल जास्त.

> सावधान: आकडा मर्यादेत बसतो की नाही हे त्या ठिकाणच्या सिग्नलवर ठरतं. 46 डेसिबलचा नॉईज 70 च्या सिग्नलखाली झाकला जातो, 55 च्या सिग्नलला मात्र त्रास देतो. सिग्नल मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

## टप्पा 6: लॉस

पीकचं लॉसचं सूत्र एकेकट्या कंडक्टरच्या प्रयोगांतून आलेलं आहे. त्यात बंडलची req घालून आलेला आकडा फेकून द्या. त्याच बंडलच्या प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले आलेख मिळाले तर तेच वापरा.

मुख्य चूक मात्र सूत्राची नसते, हवामानाची असते. समजा कोरड्या हवेत लॉस 1 किलोवॅट प्रति किलोमीटर आहे, पावसात 30, आणि वर्षात पाऊस 500 तास पडतो. कोरड्या 8,260 तासांत 8,260 युनिट गेले, ओल्या 500 तासांत 15,000. वर्षाच्या सहा टक्के वेळेत जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा गेली. म्हणून कोरड्या आणि ओल्या तासांचे लॉस वेगळे काढा आणि मग जोडा. वार्षिक सरासरी घ्यायला हरकत नाही, पण कंडक्टर ठरवताना पावसातला कमाल लॉसही शेजारी लिहा. तो कमाल लॉस पूर्ण लाईनवर एकाच वेळी येईल असं मात्र धरू नका. दोनशे किलोमीटरवर पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही.

## टप्पा 7: तार ओढताना आणि चार्ज केल्यावर

कागदावर m = 0.8 धरला आणि जागेवर तार खडकाळ जमिनीवरून फरपटत नेली, तर तो 0.8 उरत नाही. ताणाखाली, जमिनीला न टेकता तार ओढा. पुलीच्या खाचेतलं अस्तर सलग हवं. वरच्या थरातली तार उचकटली असेल किंवा खरचटून धार आली असेल तर ती जागा तिथेच घासून गुळगुळीत करा. नंतर वर चढून ते होत नाही. स्पेसरच्या नटबोल्टची टोकं बंडलच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुबळ्या क्षेत्राकडे वळवा.

नवी तार पहिले काही महिने जास्त खरखरते. तिच्यावर ओढताना लागलेलं ग्रीस असतं, त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंब थेंब करून लटकतं. पृष्ठभाग मळका-करडा झाला की पाणी पसरू लागतं आणि नॉईज उतरतो. चार्ज केल्याच्या आठवड्यातच मोजून 'बंडल चुकलं' असा शेरा मारू नका.

तक्रार आलीच तर सगळ्यात आधी हवामान विचारा. खरखर पावसात वाढते आणि मीडियम वेव्हवरच आहे, तर ती कोरोनाची. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी वाढते, पाऊस पडला की थांबते आणि तीस मेगाहर्ट्झच्या वरही ऐकू येते, तर ती बहुधा सैल हार्डवेअरमधल्या फटीत उडणाऱ्या ठिणग्यांची आहे. तिच्यावर उपकंडक्टर वाढवून काही होणार नाही. हातातला व्हीएचएफ रिसीव्हर आणि दिशादर्शक अँटेना घेऊन टॉवरमागून टॉवर चालत जा. आवाज जिथे सर्वांत मोठा होतो त्या टॉवरवरची कॉटर पिन, शॅकल आणि इन्सुलेटरची टोपी तपासा.